धागा: गजबजलेल्या शेअरमध्ये ५ मिनिटांची कँडल सोडून टिक चार्टवर जावं का?

सौदापट्टी, लातूर

नमस्कार मंडळी. रोज एक-दोनच शेअर खेळतो, दोन्ही जोरात चालणारे. त्यातला एक मोठ्या सरकारी बँकेचा. नाव देत नाही, नाहीतर धागा टिप्सकडे वळतो. ५ मिनिटांची कँडल, २० चा ईएमए आणि व्हीवॅप, एवढाच माझा संसार.

दुखणं असं की सकाळी सव्वानऊ ते पावणेदहा मी कायम उशिरा पोचतो. कँडल बंद होईपर्यंत चाल निम्मी होऊन गेलेली असते. दुपारी साडेबारा ते दीड उलटं. कँडल बनायलेत, ईएमए कापायलेत, सिग्नल यायलेत आणि भाव तिथल्या तिथेच. गेल्या महिन्यातले माझे निम्मे तोट्याचे सौदे या एका तासातले आहेत, वहीत मोजून बघितलं.

आता माझ्या सॉफ्टवेअरमध्ये टिक चार्ट आलाय. १०० टिक, ५०० टिक असं निवडता येतं. कल्पना पटते: बाजार पळाला की कँडल पटापट बनतील, झोपला की बनणारच नाहीत. पण दोन दिवस १०० टिक लावून बघितला, तर मला तो २ मिनिटांच्या चार्टसारखाच दिसायला लागला. माझ्या डोळ्याचा दोष आहे की सेटिंगचा? आणि व्हॉल्यूम बार म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय देतात?

भोकरचा_भाऊ

टिक चार्टच. दुसरं काही बघूच नका. मोठे लोक घड्याळ बघून खरेदी करत नाहीत, त्यामुळे घड्याळाची कँडल हा मुळात चुकीचा साचा आहे. अमेरिकेतले ई-मिनी फ्युचरवाले २००० टिक वापरतात, व्हिडिओ पडलेत शेकड्यानं. एका टिकमध्ये एक सौदा. जिथे सौदे जास्त तिथे कँडल जास्त. १०० फार लहान आहे, ५०० करा, २ मिनिटांसारखा दिसणार नाही.

आडत_लाईन, लातूर

सौदापट्टी, व्हॉल्यूम बार तर तुझ्या चार्टच्या खाली आहेतच की. लाल-हिरव्या उभ्या पट्ट्या. मी गेली चार वर्षं तेच बघून करतो. मोठी पट्टी आली की समजायचं माल हलला. वेगळं काय घ्यायचंय त्यात?

गोदाकाठ, नांदेड

आडत काका, त्या पट्ट्या वेगळ्या. तिथे कँडल घड्याळानेच कापलेली असते आणि त्या ५ मिनिटांत किती माल गेला ते खाली दिसतं. इथे विषय कँडल कापायचीच कशाने, हा आहे. तुमच्याच भाषेत सांगते. मोंढ्यात दिवसभराच्या भावाची नोंद ठेवायची आहे. एक जण दर पाच मिनिटांनी भाव लिहितो. दुसरा दर शंभर पावत्या फाटल्या की लिहितो. तिसरा दर हजार क्विंटल माल गेला की लिहितो. पहिला वेळेची कँडल, दुसरा टिक चार्ट, तिसरा व्हॉल्यूम बार.

सौदापट्टी दादा, तुमच्या डोळ्यात दोष नाही आणि ५०० टिक केल्यानेही काही फरक पडणार नाही. दुखणं आणखी खाली आहे, फीडमध्ये. मी स्वतः गेलं दीड वर्ष हे लिहून, चालवून, फसून बघितलंय, त्यामुळे सविस्तर लिहिते. घाईत असाल तर उद्या वाचा.

आपल्यासारख्या किरकोळ ग्राहकाला ब्रोकरकडून जे येतं त्याला आपण टिक म्हणतो, पण तो सौदा नसतो. तो स्नॅपशॉट असतो. गजबजलेल्या शेअरमध्ये एका सेकंदात एक्सचेंजवर कितीतरी सौदे होतात. आपल्याकडे त्या सगळ्याचा निचोड साधारण सेकंदाला एकदा येतो: शेवटचा भाव, शेवटच्या सौद्यातले शेअर, दिवसाचा आतापर्यंतचा एकूण व्हॉल्यूम, खरेदी-विक्रीच्या रांगा. मधले सौदे आपल्यापर्यंत येतच नाहीत. शिवाय सौदा न होता नुसती रांग हलली तरी स्नॅपशॉट येतो. म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर शंभर पावत्या मोजत नाहीये. दर सेकंदाला मोंढ्यात डोकावणारा पोऱ्या किती वेळा डोकावला, ते मोजतंय.

माझ्या नोंदीतले एका दिवसातले दोन मिनिट देते, शेअर त्याच जातीचा.

९:२० चं मिनिट. स्नॅपशॉट आले ५७. एकूण व्हॉल्यूममधला फरक १,३२,०००. जिथे व्हॉल्यूम खरंच वाढला अशा स्नॅपशॉटमधल्या शेवटच्या सौद्यांची बेरीज फक्त ११,३००.

१२:४५ चं मिनिट. स्नॅपशॉट ५१. एकूण व्हॉल्यूममधला फरक १२,४००. शेवटच्या सौद्यांची बेरीज ३,९००.

माल दहापटीने कमी झाला आणि स्नॅपशॉट जवळजवळ तेवढेच. आता १०० टिकची कँडल किती वेळात बनेल ते बघा. सकाळी १०५ सेकंद, दुपारी ११८ सेकंद. तुम्हाला २ मिनिटांसारखी दिसली कारण ती २ मिनिटांचीच आहे. ५०० केलं तर ९-१० मिनिटांची होईल, बस.

भोकरचा_भाऊ

ताई, मग अमेरिकेतले सगळे येडे आहेत का?

गोदाकाठ, नांदेड

नाहीत हो. त्यांच्याकडे फ्युचरच्या फीडमध्ये प्रत्येक सौदा येतो, म्हणून त्यांचा टिक चार्ट खरा असतो. तुमचं म्हणणं चूक नाही, फक्त ते आपल्या तारेवर लागू होत नाही. आपल्या एक्सचेंजचं प्रत्येक सौद्याचं फीडही आहे, पण ते सदस्य ब्रोकरांसाठी, तुमच्या माझ्या लॅपटॉपवर उतरत नाही. आणि शांत शेअरमध्ये, जिथे मिनिटाला चार-पाचच सौदे होतात, तिथे आपल्याही फीडमध्ये बहुतेक सौदे दिसतात. म्हणजे गंमत अशी की जिथे टिक चार्टची गरज नाही तिथेच तो बरा चालतो.

आडत_लाईन, लातूर

आता कळलं. पण पावत्या मोजण्यात अजून एक खोट आहे, ती मी सांगतो. दोनशे पोत्यांचा एक ढीग एका खरेदीदाराने घेतला तर एक पावती. तोच बारा शेतकऱ्यांच्या मालातून भरला तर बारा पावत्या. माल तेवढाच.

गोदाकाठ, नांदेड

काका, शेअरबाजारात अगदी हेच होतं. ५०० शेअरची एक मार्केट ऑर्डर समोरच्या बारा छोट्या ऑर्डरींना भिडली की बारा सौदे नोंदले जातात. घेणाऱ्याने निर्णय एकदाच घेतला होता. म्हणून प्रत्येक सौद्याचं फीड मिळालं तरी टिक मोजण्यापेक्षा माल मोजणं मला जास्त सरळ वाटतं.

आणि आपल्या फाटक्या फीडमध्येही माल मोजता येतो, कारण एकूण व्हॉल्यूम हा चढता आकडा आहे. मधले चाळीस सौदे दिसले नाहीत तरी त्यांचे शेअर पुढच्या स्नॅपशॉटच्या एकूण आकड्यात आलेलेच असतात. दोन आकड्यांची वजाबाकी करायची, संपलं. शेवटच्या सौद्यांची बेरीज करून व्हॉल्यूम बार बनवणारी सॉफ्टवेअर मी बघितलीत. वर ९:२० चा हिशेब बघा, ११,३०० आणि १,३२,०००. अशा चार्टमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त माल गायब असतो आणि चार्ट तरीही छान दिसतो.

निवृत्त_गुरुजी, अंबाजोगाई

गोदाकाठ यांचा मुद्दा बरोबर आहे, आणि जुना आहे. पीटर क्लार्क यांनी १९७३ मध्ये हाच विचार मांडला की भावाचे बदल घड्याळाच्या वेळेत वेडेवाकडे दिसतात, पण उलाढालीच्या वेळेत मोजले तर बरेच शिस्तीत येतात. आकडेवारी कशाची घेतली होती माहीत आहे? कापसाच्या वायद्याची. आपल्या परभणी-जालन्याच्या पिकाची, फक्त बाजार अमेरिकेतला. पुढे २००० मध्ये आने आणि गेमान या दोघांनी सौद्यांची संख्या व्हॉल्यूमपेक्षा चांगलं घड्याळ ठरते असं मांडलं, आणि त्यावर नंतर वादही झाले. तेव्हा भोकरच्या भाऊंच्या बाजूनेही विद्वान आहेत.

प्रश्न: बारचा आकार आपण कसा ठरवता? सरासरीने की मध्यकाने?

गोदाकाठ, नांदेड

गुरुजी, मध्यकाने. मागच्या २० दिवसांच्या व्हॉल्यूमचा मध्यक घेते. एखादा निकालाचा दिवस तिप्पट व्हॉल्यूमचा निघाला तर सरासरी उगाच फुगते आणि पुढचे वीस दिवस बार जाड येतात.

बाजार ९:१५ ते ३:३०, म्हणजे ३७५ मिनिटं, ५ मिनिटांच्या ७५ कँडल. तुलना करता यावी म्हणून मीही दिवसाला ७५ बार धरते. या शेअरचा मध्यक १ कोटी २० लाख होता, भागिले ७५, एका बारला १,६०,००० शेअर. सौदापट्टी दादा, यात तुमचं दुखणं कसं बसतं ते बघा. ९:१५ ते ९:३० मध्ये तुमच्या तीन कँडल होतात, माझे त्या दिवशी ११ बार झाले. साडेबारा ते दीड तुमच्या बारा, माझे ५. ईएमए कापायला तिथे दाणाच नसतो.

शेअरचा बोनस किंवा विभाजन झालं तर मात्र आकडा हाताने बदला. एकाला एक बोनस मिळाला की शेअर दुप्पट, भाव निम्मा, आणि जुना आकडा ठेवला तर बार दुप्पट वेगाने बनायला लागतात.

कोड एवढाच आहे:

```python
SIZE = 160000
last = None
acc = 0
px = []

def on_snap(ltp, cum, t):
    global last, acc, px
    if last is None:
        last = cum
        return
    d = cum - last
    last = cum
    if d <= 0:
        return
    acc += d
    px.append(ltp)
    if acc >= SIZE:
        print(t, px[0], max(px), min(px), px[-1], acc)
        acc %= SIZE
        px = [ltp]
```

`cum` म्हणजे दिवसाचा एकूण व्हॉल्यूम. माझ्या फीडमध्ये तो `volume_traded` नावाने येतो, तुमच्याकडे नाव वेगळं असेल. पहिला स्नॅपशॉट मुद्दाम सोडून दिलाय. त्यात ९:१५ च्या आधीच्या प्री-ओपनमधला माल जमा असतो. शून्यापासून मोजलं तर दिवसाचा पहिला बार त्या एकाच लिलावाचा बनतो आणि सकाळभर ईएमए वाकडा चालतो. बार भरल्यावर उरलेला माल पुढच्या बारमध्ये नेलाय. तो फेकला तर दर बारला थोडा थोडा माल गळत जातो आणि दिवसाचे बार कमी भरतात.

जालना_टीएमटी

हे सगळं ठीक. पण सकाळी १५ मिनिटांत ११ बार म्हणजे ११ वेळा बोट बटणावर. मी महिनाभर करून बघितलं. ५ मिनिटांवर माझे दिवसाला ४ सौदे व्हायचे, व्हॉल्यूम बारवर ९ झाले. १ लाखाचा सौदा घेऊन-विकून काय खर्च येतो मोजलंय का कोणी? विक्रीवर एसटीटी २५ रुपये, खरेदीवर स्टॅम्प ३, दोन्हीकडची दलाली ४०, वर एक्सचेंजचा आकार आणि जीएसटी. ८० च्या घरात जातो. ९ सौदे, ७२० रुपये, भाव हलायच्या आधी. ८०० रुपयांच्या शेअरमध्ये प्रत्येक सौद्याला ६५ पैसे आधी फेडायचे.

सेबीने जुलै २०२४ मध्ये जो अभ्यास काढला त्यात रोखीच्या बाजारातले इंट्राडे करणारे दहातले सात जण तोट्यात होते, २०२२-२३ सालाचे. वर्षाला ५०० पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांत तर ८० टक्के. चार्ट कसला होता ते सेबीने विचारलं नव्हतं.

गोदाकाठ, नांदेड

जालनेकर दादा, खर्चाचं पूर्ण मान्य. म्हणून मी सकाळचे पहिले दहा बार फक्त बघते. सिग्नल घेत नाही.

मला खरा उपयोग झाला तो बार *किती सेकंदात* भरला हे बघण्याचा. सगळ्या बारमध्ये माल सारखाच असल्यामुळे खालच्या लाल-हिरव्या पट्ट्यांना अर्थ उरत नाही, सगळ्या एकाच उंचीच्या. त्यांच्या जागी मी बार भरायला लागलेली सेकंदं लावते. एक दिवस उलगडून सांगते.

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाचा दिवस होता. घोषणा १० वाजता, आणि शेअर बँकेचा. १०:०० ची ५ मिनिटांची कँडल अशी: सुरुवात ८००, वर ८०९, खाली ७९६.५०, बंद ८०३. दोन्हीकडे लांब वाती. आधी खाली गेला की आधी वर, हे त्या कँडलवरून कोणालाच सांगता येणार नाही.

त्याच ५ मिनिटांत माझे ८ बार झाले. पहिले दोन खाली, ७९६.५० पर्यंत, ३१ आणि २४ सेकंदात. मग तीन बार सरळ वर, २२, २६, २५ सेकंद, पाचव्यात ८०९. त्यानंतर तीन बार उतरते, पण बघा: ४५, ५८, ६९ सेकंद. वर जाताना १ लाख ६० हजार शेअर अर्ध्या मिनिटाच्या आत जात होते, उतरताना तेवढ्याच मालाला मिनिटभर लागायला लागलं. म्हणजे भाव पडत होता खरा, पण विकणाऱ्यांची झुंबड नव्हती, घेणारे थांबले होते. मी तिथे शॉर्ट करणार होते, केलं नाही. पुढे तो ८०१ ते ८०५ मध्ये तासभर घुटमळला. शॉर्ट केलं असतं तर एक-दोन रुपये मिळाले असते की स्टॉप लागला असता, सांगता येत नाही, त्यामुळे याला यश म्हणून मिरवत नाही.

जालना_टीएमटी

१ मिनिटाच्या चार्टवर पण आधी खाली मग वर हे दिसलं असतंच की. पाच कँडल.

गोदाकाठ, नांदेड

दिसलं असतं, खरं आहे. त्या ५ मिनिटांपुरता १ मिनिटाचा चार्ट माझ्या बारच्या जवळपास जातो. पण तोच चार्ट दुपारी ठेवला तर तासाला ६० कँडल आणि त्यातल्या ५५ कचरा. मग सकाळी १ मिनिट, दुपारी १५ मिनिटं असं हाताने बदलत बसायचं. बदलायची वेळ आपण नेहमी चाल होऊन गेल्यावर ओळखतो, एवढाच माझा मुद्दा.

माझ्या बाजूची खोटही सांगते. २२ सेकंदाचा बार म्हणजे वीसेक स्नॅपशॉट. त्यातला वरचा भाव हा स्नॅपशॉटने पकडलेला वरचा भाव, खरा नव्हे. दिवसाचा नवा उच्चांक झाला तर स्नॅपशॉटमधल्या दिवसाच्या उच्चांकाच्या आकड्यावरून तो कळतो. त्या दिवशी तो ८०९.६० होता, माझ्या बारमध्ये ८०९. मधल्या बारांचे छोटे टोक मात्र गेले ते गेलेच. म्हणून बारच्या टोकाला अगदी चिकटून स्टॉप लावू नका, तो टोकाचा भाव तुम्ही बघितलेलाच नसतो.

परभणी_९१५

मी हेच चालवतो, माझा अनुभव ऐका, उपयोगी पडेल. मी कोड नेटवरून उचलला होता. त्यात शेवटी `if` च्या जागी `while` होतं, म्हणजे जेवढे बार भरतील तेवढे काढत राहायचं. ऐकायला चांगलं वाटतं.

एक दिवस १०:४० ला लाईट गेली. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालू, पण गल्लीतला नेटचा डबा बंद. मोबाईलचं नेट लावेपर्यंत १०:५२. जोडणी झाल्या झाल्या पहिल्या स्नॅपशॉटमध्ये फरक आला ५,९०,००० शेअरचा. कोडने फटाफट तीन बार काढले, तिन्हींचा सुरुवात-वर-खाली-बंद एकच भाव, आणि वेळ शून्य सेकंद. मी सेकंदं बघूनच खेळतो. शून्य सेकंद बघून मला वाटलं काय तुफान खरेदी चाललीय! घेतला. खरं म्हणजे त्या १२ मिनिटांत भाव वर जाऊन परत उतरायला लागला होता. २,३०० रुपये गेले. लाईटवाल्यांना शिव्या दिल्या, पण चूक कोडची होती.

वेळेच्या कँडलला ही भानगड नाही. नेट आलं की मधल्या कँडल ब्रोकरकडून परत मागवता येतात. व्हॉल्यूम बार आपण आपल्या फीडवर बनवतो, ते परत कोणी देत नाही.

गोदाकाठ, नांदेड

म्हणून माझ्या कोडमध्ये `while` नाही. ढेकूळ आलं तर एकच जाड बार निघतो आणि शेवटच्या आकड्यात ५,९०,००० च्या वर काहीतरी दिसतं. `acc` SIZE च्या दीडपट झाला की मी तो बार राखाडी रंगात काढते आणि सेकंदांच्या हिशेबात धरत नाही. नेट न जाताही असं होतं, एखादा फार मोठा सौदा एकाच झटक्यात झाला तर. तेव्हा तो बार खरा असतो. दोन स्नॅपशॉटमध्ये पाच सेकंदांपेक्षा जास्त अंतर असेल तर दोष आपल्या तारेचा, नसेल तर बाजारातलाच माल.

निवृत्त_गुरुजी, अंबाजोगाई

येथे माझे मत वेगळे आहे. तुटलेल्या काळाचे १ मिनिटाचे कँडल मागवून, प्रत्येक मिनिटाचा व्हॉल्यूम बारमध्ये भरत जावे. बार अचूक होणार नाहीत, पण बारा मिनिटांचा पूर्ण इतिहास एका राखाडी ठोकळ्यात कोंबण्यापेक्षा बरे. परभणीकरांच्या उदाहरणात भाव वर जाऊन उतरला होता, ते तरी दिसले असते.

गोदाकाठ, नांदेड

दुपारी चालेल गुरुजी. सकाळी एका मिनिटातच १,३२,००० शेअर जातात, माझ्या बारच्या ऐंशी टक्के. एक बार ऐंशी टक्के भरतो, पुढचं मिनिट त्याला १६५ टक्के करतं. मग बार एकसारखे राहत नाहीत आणि आपण जे घड्याळ टाळायला निघालो तेच मागच्या दाराने आत येतं. मागचे दोन-तीन महिने १ मिनिटाच्या डेटावर व्हॉल्यूम बार बनवून तपासणाऱ्यांनाही हेच सांगेन. तुमचे सकाळचे बार हे १ मिनिटाच्या कँडलच असतात, नाव वेगळं. जे ९:१५ ते ९:३० मध्ये कमावताना दिसेल ते खऱ्या फीडवर तसं येणार नाही.

निवृत्त_गुरुजी, अंबाजोगाई

मग बार मोठा घ्यावा. ७५ च्या जागी दिवसाला २५. चार लाख ऐंशी हजारांचा बार, त्यात मिनिटाची चूक पचते.

गोदाकाठ, नांदेड

पचते, पण मग सौदापट्टी दादांचं सकाळी उशिरा पोचण्याचं दुखणं तसंच राहतं. यावर आपलं जमणार नाही गुरुजी :)

भोकरचा_भाऊ

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हॉल्यूम कँडल नावाचा प्रकार आहे, काही कँडल जाड काही बारीक. तेच ना हे?

परभणी_९१५

नाही भाऊ. ती घड्याळाचीच कँडल, फक्त माल जास्त असेल तर जाड काढतात. दर पाच मिनिटांनी एक येतेच का बघा. आली की समजा वेळेची.

आडत_लाईन, लातूर

मला एक सांगा, व्हीवॅपचं काय होतं मग? मी तेवढी एकच रेघ मानतो.

गोदाकाठ, नांदेड

काका, व्हीवॅपला कँडल कशाने कापली याच्याशी देणंघेणं नाही, तो दिवसभराच्या मालाचा भारित भाव. कोणत्याही चार्टवर जवळजवळ तीच रेघ यायला हवी. बरीच वेगळी आली तर बहुधा तुमचं सॉफ्टवेअर सगळा माल मोजत नाहीये. ब्रोकरच्या फीडमध्ये दिवसाचा सरासरी भाव तयार येतो, तो बाजूला ठेवून ताडून बघा. माझी पहिली चूक मला अशीच सापडली होती.

आणि एक आठवण. ३:१५-३:२० च्या सुमारास ब्रोकर इंट्राडे सौदे आपणहून कापतो, तो घड्याळ बघून. शेवटच्या अर्ध्या तासात बार पुन्हा पटापट पडायला लागतात आणि माणूस चार्टमध्ये बुडालेला असतो. मी मोबाईलवर ३:०५ चा गजर लावून ठेवलाय.

सौदापट्टी, लातूर

सगळ्यांचे आभार. आज तपासणी केली. माझ्या सॉफ्टवेअरच्या १०० टिकच्या कँडल दिवसभरात सगळ्यात वेगवान ९८ सेकंदांची आणि सगळ्यात संथ १३१ सेकंदांची. म्हणजे गोदाकाठ ताई म्हणतात तेच, टिक चार्ट नावाचा २ मिनिटांचा चार्ट. सॉफ्टवेअरच्या व्हॉल्यूम बारवरचा व्हीवॅप ब्रोकरच्या सरासरी भावाशी ताडला, ४० पैशांनी चुकतोय. बहुतेक तो शेवटच्या सौद्यांची बेरीज करत असणार. त्यामुळे कोड स्वतःच चालवणार. भाच्याला बसवलंय, तो इंजिनिअरिंगला आहे.

पंधरा दिवस सौदे ५ मिनिटांवरच करणार, बार नुसते शेजारी उघडे ठेवणार. दुपारचे सौदे बंद, ते तर चार्ट न बदलताही करता आलं असतं म्हणा.

एक राहिलं. शुक्रवारी याच शेअरचा तिमाही निकाल आहे. व्हॉल्यूम दुप्पट-तिप्पट होईल. १,६०,००० च ठेवू की वाढवू?

गोदाकाठ, नांदेड

मी बदलत नाही. बार दुप्पट वेगाने पडले तर तीच त्या दिवसाची बातमी.

निवृत्त_गुरुजी, अंबाजोगाई

मी बदलतो. मागच्या चार निकालांच्या दिवशीचा मध्यक घेतो. अन्यथा दीडशे बारमध्ये २० चा ईएमए आदल्या दिवसापेक्षा निम्म्या काळाचाच उरतो, आणि तुमची नजर मात्र जुन्याच लयीला सरावलेली असते.

परभणी_९१५

दोन्ही चालवा, दोन खिडक्यांत. फक्त नेट मोबाईलचं आधीच जोडून ठेवा.

सौदापट्टी, लातूर

दोन्ही लावतो. आमच्या फीडरवर शुक्रवारी देखभालीसाठी लाईट जाते, सकाळी नऊला बहुधा. चालू राहिली तर संध्याकाळी सेकंदांसकट आकडे इथेच टाकतो.